वरच्या मजल्यावर शॉवरला फोर्स का नसतो, आणि पंप घेण्याआधी काय तपासावं

सोसायटीच्या शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते. बादली भरते, बेसिनचा नळ ठीक चालतो, पण शॉवर उघडला की पाणी अंगावर पडण्याऐवजी सरळ खाली गळतं. प्लंबर येतो, शॉवर साफ करतो, दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. शेवटी कोणीतरी ‘अर्धा एचपीचा प्रेशर पंप टाका’ असं सुचवतं आणि दहा-पंधरा हजार रुपये खर्च होतात. कधी उपयोग होतो, कधी पंप नुसता घरघरतो. कुठल्या घरात पंप लागेल, कुठल्या घरात एक व्हॉल्व्ह बदलून काम भागेल, हे आधी कळू शकतं. त्यासाठी गवंड्याकडची लेव्हलची नळी, मोजपट्टी आणि बादली एवढंच लागतं.

उंचीचा हिशोब

गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याला जोर मिळतो तो फक्त उंचीमुळे. टाकीतल्या पाण्याची पातळी आणि शॉवरचं तोंड यांच्यात 10 मीटर अंतर असेल तर साधारण 1 बार प्रेशर मिळतं. पंपवाले त्यालाच ‘एक किलो’ म्हणतात. एक मीटरला 0.1 बार, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पुण्यातल्या एका जुन्या इमारतीचं उदाहरण घेऊ. खाली पार्किंग, वर पाच मजले, मजल्याची उंची 3 मीटर. टाकीचा तळ गच्चीपासून 1.2 मीटर वर, आणि टाकी भरलेली असताना आत 1 मीटर पाणी. पाचव्या मजल्यावर शॉवर फरशीपासून 2.1 मीटरवर आहे, म्हणजे गच्चीच्या 0.9 मीटर खाली. तिन्ही आकडे मिळवले की 3.1 मीटर होतात. पाचव्या मजल्याच्या वाट्याला 0.31 बार आलं. टाकी रिकामी होत आली की तेही 0.21 वर येतं. पहिल्या मजल्यावर याच टाकीचं पाणी आणखी 12 मीटर खाली पोचतं, तिथे 1.5 बार मिळतं.

आता मोठा, आठ इंची ‘रेन शॉवर’ नीट चालायला 1 बारच्या आसपास प्रेशर लागतं. साधा छोटा शॉवर त्याहून बऱ्याच कमी प्रेशरवर चालतो. म्हणजे पाचव्या मजल्यावर रेन शॉवर बसवला तर सगळं नवं आणि स्वच्छ असूनही तो गळणारच. बिल्डरने सगळ्या फ्लॅटमध्ये एकाच प्रकारचं फिटिंग दिलेलं असतं, आणि ते चौथ्या-पाचव्या मजल्यावर कसं चालेल याचा विचार कोणी केलेला नसतो.

पण इथे थांबू नका. 3.1 मीटर हे पाणी उभं असतानाचं गणित आहे. शॉवर उघडला की पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह आणि पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा डायव्हर्टर हे सगळे आपापला हिस्सा कापून घेतात. खालच्या मजल्यावर 15 मीटरमधून 2 मीटर गेले तर कोणाला कळत नाही. वर 3 मीटरमधून 2 गेले तर काही उरतच नाही. दोष तोच, पण तो जाणवतो फक्त वरच्याला. म्हणून ‘खाली तर छान येतं, मग लाइन ठीकच आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

नळीची चाचणी

प्रेशर गेज विकत आणायचा मोह होतो, पण दुकानात सहज मिळणारे गेज 7 किंवा 10 बारपर्यंतचे असतात. 0.3 बारला त्यांचा काटा जेमतेम हलतो. त्यापेक्षा पारदर्शक लेव्हलची नळी जास्त अचूक आहे.

बाथरूममधल्या कमोडशेजारच्या जेटचा पाइप अँगल कॉकवरून काढा. तिथे अर्ध्या इंचाचं नोझल लावून त्यावर नळी चढवा आणि क्लिप आवळा. नळीचं दुसरं टोक खिडकीतून बाहेर काढून गच्चीवरच्या माणसाकडे द्या. अँगल कॉक पूर्ण उघडा, घरातले बाकी सगळे नळ बंद ठेवा. नळीत पाणी चढत जाऊन टाकीतल्या पातळीच्या बरोबरीला थांबेल. नळीतले बुडबुडे आधी टिचक्या मारून घालवा, नाहीतर पातळी खोटी दिसते. जिथे पाणी थांबलं तिथे खूण करा.

आता खालच्या माणसाने शॉवर पूर्ण उघडायचा. नळीतलं पाणी खाली उतरेल. किती उतरलं ते मोजा. टाकीपासून बाथरूमपर्यंत येताना वाटेत जेवढी उंची वाया जाते, तेवढाच हा आकडा असतो. त्याच वेळी शॉवरखाली 20 लिटरची बादली ठेवून भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा.

पाणी थोडंच उतरलं, म्हणजे अर्ध्या मीटरच्या आत, आणि तरी बादली भरायला खूप वेळ लागला, तर लाइन चांगली आहे आणि अडथळा शॉवर, डायव्हर्टर किंवा त्यांच्यामधल्या पाइपमध्ये आहे. पाणी दीड-दोन मीटर उतरलं, तर दोष लाइनमध्ये आहे. शॉवर बदलून किंवा घरात पंप बसवून तो जाणार नाही. आणि पाणी फारसं उतरलं नाही, बादलीही बऱ्यापैकी भरते, पण अंगावर फवारा जाणवत नाही, तर उंचीच कमी आहे. पंपाचा विचार खरा इथे सुरू होतो.

ही चाचणी दुपारी आणि सकाळी सात-आठच्या गर्दीत अशी दोनदा करावी. दोन्ही वेळचे आकडे फार वेगळे आले तर त्याचं कारण वेगळं असतं, ते पुढे सांगतो.

त्या इमारतीत काय सापडलं

वर सांगितलेल्या पाचव्या मजल्यावर शॉवर उघडल्यावर नळीतली पातळी 1.9 मीटर उतरली. 20 लिटरची बादली भरायला चार मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला 5 लिटर. एवढ्या थोड्या पाण्यासाठी 1.9 मीटर खर्च होणं जास्तच होतं. अशा वेळी टाकीच्या तोंडापासून सुरुवात करावी, कारण चोर बहुतेक तिथेच असतो.

टाकीच्या आउटलेटला जुना पितळी गेट व्हॉल्व्ह होता. चाक मोकळं फिरत होतं, पूर्ण उघडल्यासारखं वाटत होतं. पण आतली पाती स्पिंडलपासून सुटून खाली अडकली होती. चाक फिरलं तरी पाती वर येत नव्हती आणि पाणी तिच्या कडेच्या फटीतून येत होतं. बाहेरून हे दिसत नाही. ओळखायची खूण अशी, की चाक उघड-बंद करताना शेवटी येणारा घट्टपणा जाणवत नाही आणि व्हॉल्व्ह ‘बंद’ केला तरी पाण्यात काहीच फरक पडत नाही. जुन्या सोसायट्यांमध्ये हा दोष इतक्या वेळा सापडतो की मी पहिला हात तिथेच लावतो.

तिथे फुल बोअरचा बॉल व्हॉल्व्ह टाकला. ‘फुल बोअर’ हे दुकानात आवर्जून सांगा, कारण स्वस्त बॉल व्हॉल्व्हमधलं भोक पाइपपेक्षा बरंच लहान असतं. पुन्हा चाचणी केली तेव्हा पातळी 1 मीटर उतरली आणि बादली तीन मिनिटांत भरली. मिनिटाला 5 लिटरचे जवळपास पावणेसात झाले, एका व्हॉल्व्हच्या खर्चात.

व्हॉल्व्ह ठीक निघाला तर पुढचा संशय पाइपवर. इमारतीत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पाइप असेल आणि तिला पंचवीस-तीस वर्षं झाली असतील तर आत गंज आणि क्षारांचा थर बसून भोक निम्म्यावर आलेलं असतं. एखादा एल्बो कापून पाहिला की खात्री पटते. नंतर टाकलेल्या सीपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकच्या लाइनमध्ये गंज नसतो, पण तिथे पाइप बारीक टाकण्याची चूक होते. मिनिटाला 10 लिटर पाणी वाहत असेल तर अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप दर 10 मीटरला जवळपास 1.9 मीटर उंची खातो. पाऊण इंची पाइप तेवढ्याच लांबीत फक्त 0.3 मीटर. तळमजल्यावर हा फरक कोणी विचारातही घेत नाही, पण शेवटच्या मजल्यावर शॉवर चालणार की नाही ते यावरच ठरतं. बाथरूमचं नूतनीकरण निघालं असेल तर टाकीपासून बाथरूमच्या भिंतीपर्यंत एक इंच, आत डायव्हर्टरपर्यंत पाऊण इंच आणि फक्त शेवटचा शॉवरचा तुकडा अर्धा इंच, एवढं प्लंबरकडून लिहून घ्या.

फक्त सकाळीच त्रास होत असेल तर

दुपारी ठीक आणि सकाळी धार जवळजवळ बंद, असं असेल तर खालचे मजले आणि तुम्ही टाकीतून खाली येणाऱ्या एकाच उभ्या पाइपवर, म्हणजे एकाच डाऊनटेक लाइनवर आहात. खाली चार-पाच नळ एकदम उघडले की उभ्या पाइपमधलं पाणी वेगाने खाली जातं, टाकीचं आउटलेट तेवढं पाणी देऊ शकत नाही, आणि वरच्या भागात प्रेशर शून्याच्याही खाली जातं. अशा वेळी नळ उघडला तर पाणी येण्याऐवजी ‘स्स’ असा आवाज होऊन हवा आत ओढली जाते. तो आवाज ऐकला असेल तर दुसरी तपासणी करायची गरज नाही.

टाकीच्या व्हॉल्व्हनंतर लगेच एक एअर व्हेंट असावा, म्हणजे टाकीच्या वरपर्यंत नेलेली उघडी उभी पाइप. अनेक ठिकाणी ती नसते किंवा वॉटरप्रूफिंगच्या कामात कापून टोपी बसवलेली असते. व्हेंटमुळे प्रेशर वाढत नाही. पण पाइपमध्ये अडकलेली हवा बाहेर पडते आणि तुमच्या नळातून हवा ओढली जात नाही. गच्चीवरची आडवी लाइन मध्येच बीम किंवा कठड्यावरून उंच उचलून नेली असेल तर त्या उंचवट्यावर हवा अडकून बसते. टाकी धुतल्यावर किंवा रिकामी झाल्यावर काही तास फक्त वरच्या मजल्यालाच पाणी येत नसेल, तर दोष त्या उंचवट्यात आहे.

पण कायमचा इलाज एकच आहे. वरच्या एक किंवा दोन मजल्यांसाठी टाकीपासून वेगळं आउटलेट आणि वेगळी लाइन. यासाठी सोसायटीची परवानगी लागते आणि वर्गणीवरून वाद होतात. तरीही पंपाआधी हे काम करायला हवं. सामायिक लाइनवर तुमच्या फ्लॅटमध्ये पंप बसवलात तर तो शेजाऱ्याचं पाणी ओढेल, आणि सकाळच्या गर्दीत त्याला स्वतःलाच पाणी न मिळाल्याने हवा ओढत राहील.

शॉवरच्या बाजूला काय बदलता येतं

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर शॉवरची भोकं क्षारांनी बुजतात. शॉवर काढून कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून तासभर बुडवून ठेवावा, मग जुन्या टूथब्रशने घासावा. डायव्हर्टरच्या आत आणि शॉवरच्या आट्यांमध्ये छोट्या जाळ्या असतात, त्यात सीलंटचे आणि पाइपचे कण अडकतात. त्या काढून धुवा. महागड्या शॉवरच्या तोंडाशी पाणी वाचवण्यासाठी प्लॅस्टिकची छोटी चकती बसवलेली असते. ती जास्त प्रेशरच्या घरासाठी आहे, 0.3 बारवर तिचा काही उपयोग नाही. काढून जपून ठेवा.

त्याहून मोठा फरक शॉवर बदलल्याने पडतो. मिनिटाला सहा-सात लिटर पाणी आठ इंची शॉवरच्या शंभरभर भोकांतून सोडलं तर प्रत्येक धार मेलेली पडते. तेच पाणी तीन-चार इंची, कमी भोकांच्या शॉवरमधून सोडलं तर धारा अंगावर जाणवतात. त्या पाचव्या मजल्यावरच्या आजी-आजोबांचं यावरच समाधान झालं. त्यांना पंपाची गरज उरली नाही.

टाकी उंच करण्याचा विचार अनेकजण करतात. एक मीटरने टाकी उचलली तर आपल्या उदाहरणात 3.1 चे 4.1 मीटर होतात, पण धार उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जेमतेम 15 टक्के. त्यासाठी एक-दोन हजार लिटरची, म्हणजे एक-दोन टनांची टाकी नव्या स्टँडवर चढवायची. स्टँडचे पाय कॉलम किंवा बीमवरच यायला हवेत आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करू नये. एवढ्या खर्चात पंप येतो.

पंप घ्यायचाच असेल तर

लाइन सुधारली, अडथळे काढले, आणि तरी रेन शॉवर चालवायचा आहे. मग किती ताकदीचा पंप लागेल? त्याच घरात शेजारच्या बाथरूमसाठी असा हिशोब केला. मिनिटाला पावणेसात लिटर मिळताना एकूण 3.1 मीटर उंची खर्च होत होती. हवं होतं मिनिटाला 12 लिटर. पाणी 1.8 पट वाढवायचं तर उंची 1.8 गुणिले 1.8, म्हणजे सव्वातीन पट हवी. साधारण 10 मीटर. त्यातले 3 टाकी देतेच. म्हणजे पंपाने 7 मीटरच्या आसपास भर घालायची.

एवढ्यासाठी अर्धा एचपीचा पंप नको. सव्वाशे वॉटच्या आसपासचा, लाइनमध्ये बसणारा छोटा बूस्टर पंप पुरतो. पंप पाण्याला जेवढी उंची देतो त्याला ‘हेड’ म्हणतात; बॉक्सवरचा ‘मॅक्स हेड’ पाहून घेऊ नका, कारण तो पाणी अजिबात वाहत नसतानाचा आकडा असतो. सोबतच्या आलेखात मिनिटाला 12 लिटरवर किती हेड मिळतं ते पाहा. तिथे 6-7 मीटर दिसले की झालं. प्रेशर टँक आणि प्रेशर स्विच असलेला अर्धा एचपीचा पंप दोन-तीन बाथरूम एकदम चालणाऱ्या मोठ्या घरासाठी आहे. तोही फक्त वेगळी, निदान एक इंची लाइन असेल तर.

पंप कुठे बसवायचा हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे. बाथरूमच्या माळ्यावर बसवायची पद्धत आहे कारण तिथे जागा असते. पण पंपाआधीच्या पाइपमध्येच 12 लिटरवर दोन-अडीच मीटर गेले तर पंपाच्या तोंडाशी काहीच उरत नाही. टाकी थोडी उतरली की पंप सांध्यांतून हवा ओढतो, आत खडे फिरल्यासारखा आवाज येतो आणि धार तुटक होते. पंप गच्चीवर टाकीच्या आउटलेटजवळ बसवा. म्हणजे तोंडाशी भरपूर पाणी आणि पाइपमधला तोटा पंपानंतर, जिथे त्याच्याकडे जोर असतो. त्यावर शेड, करंट गळला की वीज तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवंच. महापालिकेच्या लाइनवर थेट मोटार लावणं नियमबाह्य आहे, मोटार जप्त होते. पंप फक्त टाकीनंतरच.

पंपाच्या दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह आणि पंपाला वळसा घालणारी एक बायपास लाइन ठेवा. बायपासमध्ये पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाकायचा, नाहीतर पंप आपलंच पाणी गोल फिरवत बसेल. बायपास असला की वीज गेल्यावर निदान टाकीच्या उंचीचं पाणी येत राहतं.

गरम आणि थंड या दोन्ही लाइनना सारखंच प्रेशर मिळायला हवं. म्हणून पंप गिझरच्या फाट्याच्या आधी हवा. फक्त थंड लाइनला पंप लावला तर मिक्सरमध्ये थंड पाणी गरम लाइनमध्ये उलटं घुसतं आणि शॉवरमधून गारच पाणी येतं. आजचे साठवणीचे गिझर 6 ते 8 बार सहन करणारे असतात, त्यांना 1 बारचा काही त्रास नाही. सोलरची गोष्ट वेगळी. गच्चीवरची साधी सोलर टाकी हवेला उघडी असते, तिला प्रेशर चालत नाही. थंड बाजूला पंप असेल तर पाणी गरम लाइनमधून उलटं सोलरच्या टाकीत जाऊन व्हेंटमधून गच्चीवर सांडतं. अशा घरात गरम लाइनला गरम पाण्याचा, तेवढ्याच हेडचा दुसरा पंप आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लागतो.

बसवल्यावर येणाऱ्या अडचणी

छोटे पंप फ्लो स्विचवर चालतात. मिनिटाला दीड-दोन लिटर पाणी आपोआप वाहू लागलं की पंप सुरू होतो. आधीच धार त्याहून कमी असेल तर पंप सुरूच होत नाही आणि लोक तो खराब समजून परत करतात. तेव्हा बेसिनचा नळ थोडा उघडून पाहा. पंप सुरू झाला तर दोष पंपाचा नसून लाइनमध्ये अजून अडथळा आहे.

प्रेशर स्विचचा पंप रात्री मध्येच सुरू होऊन बंद होत असेल तर घरात कुठेतरी गळती आहे, बहुतेक फ्लश टाकीत. फ्लश टाकीत अन्नाचा रंग टाकून अर्ध्या तासाने कमोडमध्ये रंग उतरतो का ते पाहिलं की कळतं.

ओल्या रोटरच्या, म्हणजे मोटारचा फिरता भाग पाण्यातच असलेल्या छोट्या पंपाचा शाफ्ट आडवाच राहायला हवा. पंप उभ्या पाइपवर बसवला तरी मोटार आडवी येते, ते चालतं. मोटार आकाशाकडे तोंड करून बसवली तर आत हवा साचून बेअरिंग जातं. पहिल्यांदा सुरू करण्याआधी पुढचा स्क्रू सैल करून हवा काढा आणि थेंब दिसले की आवळा. टाकी रिकामी होण्याची शक्यता असेल, म्हणजे पाणी एक दिवसाआड येत असेल, तर टाकीत फ्लोट स्विच टाकून त्यावरून पंपाची वीज न्या. कोरडा चाललेला छोटा पंप काही मिनिटांत गरम होऊन अडकतो, आणि वॉरंटीत हे बहुधा बसत नाही.